भाचीचा भरतनाट्यमचा पोशाख: माया कुठे ठेवायची?

भाची नऊ वर्षांची आहे. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात तिच्या वर्गाचं अलारिपू हे नृत्य ठरलं आणि वहिनीचा फोन आला, "ताई, भाड्याचा ड्रेस नको. मागच्या वेळी दुसऱ्या मुलीच्या घामाचा वास येत होता. तुम्हीच शिवाल का? पण दोन वर्षं तरी पुरला पाहिजे." मी घरी ब्लाउज, पंजाबी ड्रेस, क्वचित नऊवारी शिवते. भरतनाट्यमचा पोशाख उसवून पाहिला होता, पहिल्यापासून शिवला नव्हता. तरी हो म्हटलं.

"दोन वर्षं पुरला पाहिजे" याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, सैल शिवा. शाळेच्या युनिफॉर्मला ते चालतं. इथे मुळीच चालत नाही. सैल पायजमा घुंगरांखाली येतो, पुढचा चुण्यांचा पंखा लांब झाला तर पायाखाली येतो, आणि खोल मुंढ्याचा ब्लाउज हात वर करताच अख्खा वर चढतो. म्हणजे बाहेरून पोशाख आजच्या अंगाला नेमका बसायला हवा आणि उद्याचं जास्तीचं कापड, म्हणजे माया, आत दडवायला हवी. सगळं डोकं लागलं ते ही दडवायची जागा शोधण्यात.

माप घ्यायला मी क्लासलाच गेले. भाचीच्या नृत्याच्या ताईंनी पहिल्यांदाच सांगितलं, "उभ्या मुलीचं माप शिंपी घेतात. तुम्ही बसलेल्या मुलीचं घ्या." भरतनाट्यमची मूळ बैठक म्हणजे अरैमंडी. टाचा जुळलेल्या, पावलं आणि गुडघे दोन बाजूंना वळलेले, गुडघ्यात वाकून अर्धं बसायचं. पूर्ण खाली, चवड्यांवर बसलं की मुळुमंडी. नाचाचा बराचसा वेळ मुलगी अरैमंडीतच असते, म्हणून पोशाख त्या स्थितीत बसला तर खरा.

मी दोन्ही मापं घेतली. उभी असताना उंची चार फूट तीन इंच, छाती पंचवीस, कंबर साडेबावीस, सीट साडेसव्वीस, कमरेपासून घोट्यापर्यंत एकतीस इंच. मग तिला अरैमंडीत बसवलं आणि कमरेपासून जमिनीपर्यंत टेप सोडला. उभी असताना तेहतीस भरलेलं अंतर सत्तावीसवर आलं. एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत बावीस इंच. मुळुमंडीत तेच अठ्ठावीस. ही शेवटची तीन मापं माझ्या वहीत ब्लाउज-पायजम्याच्या नेहमीच्या रकान्यांत बसेनात, म्हणून वेगळ्या पानावर लिहिली. पुढे सगळ्यात जास्त तेच पान उघडलं गेलं.

आम्ही शिवणार होतो तो पायजमा-पद्धतीचा पोशाख. त्यात ब्लाउज, पायजमा, दोन पायांच्या मध्ये उघडणारा चुण्यांचा पंखा, कमरेमागे बांधायचा अर्धगोल घेर आणि छातीवरून डाव्या खांद्याकडे जाणारा पदर एवढे भाग येतात. सगळं एका साडीतून निघतं. खरी कांजीवरम वाढत्या पोरीसाठी फाडायला माझा हात धजला नसता, आणि शुद्ध रेशमाची चुणी घामाने लवकर मऊ पडते. माटुंग्याला जाऊन हिरवी, मरून काठाची आर्ट सिल्कची साडी घेतली. काठ तीन इंची, दोन्ही बाजूंना सारखा. दुकानात एक गोष्ट मात्र आधी तपासली. साडीचं टोक चार पदरी चुणून मुठीत घट्ट धरलं आणि सोडलं. चुणीची रेघ राहिली तर पंख्याला कापड चांगलं. लगेच फुलून सपाट झालं तर कितीही इस्त्री करा, स्टेजवर पंख्याचा पडदा होतो.

साडीला कात्री लावण्याआधी पायजमा मांजरपाटात शिवला. हे काम कंटाळवाणं आहे, पण पायजम्याचं आसन कागदावर कळत नाही. साध्या पायजम्यासारखे दोन पाय कापून आसनात जोडले आणि भाचीला म्हटलं, "चल, नाच." तिने तट्टडवूचा पदन्यास सुरू केला. उभी असताना सगळं छान. अरैमंडीत गेली आणि मांडीच्या आतल्या बाजूने आसनाकडे किरणांसारख्या ताणाच्या रेघा उमटल्या. मुळुमंडीत बसली तेव्हा मागचा नेफा चार बोटं खाली घसरला आणि ती म्हणाली, "आत्या, मागून टोचतंय."

त्या रेघा ज्या बिंदूकडे धावतात तिथे कापड कमी आहे, असं समजायचं. उभ्या माणसाच्या पायजम्यात चारही शिलाया एका टोकावर येऊन मिळतात. मांड्या बाहेर वळल्या की सगळा ताण त्या एका टोकावर येतो, आणि फाटतं ते तिथेच. उपाय जुनाच, आसनात चौकोनी तुकडा लावायचा. पाच इंच बाजूचा, तिरक्या धाग्यावर कापलेला, म्हणजे तो दोन्ही दिशांना थोडा ताणतो. तो मी साडीचा न घेता त्याच रंगाच्या सुती कापडाचा घेतला. घाम शोषतो, पंख्यामागे दिसत नाही, आणि फाटला तर बदलता येतो. मागचं आसन पुढच्यापेक्षा दोन इंच उंच केलं. पुन्हा मांजरपाटावर पाहिलं. मुळुमंडीत नेफा जेमतेम एक बोट सरकला. तेवढा सरकणारच.

आता वाढीचा हिशेब. या वयातली मुलगी वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन-सव्वादोन इंच वाढते, आणि त्यातला मोठा वाटा पायांचा असतो. पायजम्याला दोन वर्षांसाठी मी अडीच इंच लांबी आणि आसनाला दीड-दोन इंच उंची धरली. नेहमीच्या पायजम्यात ही माया खालच्या दुमडीत ठेवतात. इथे खाली काठ आहे. दुमडला तर काठच आत जातो. मग अडीच इंच कापड काठाच्या बरोबर वर आतल्या बाजूला आडवी चुणी घालून दडवलं. चुणीची शिलाई काठ संपतो त्या रेघेवर बसवली, त्यामुळे बाहेरून शिलाई आहे हे कळतच नाही. ही टीप मशीनवर मारली नाही. बारीक सुईने, लांब टाक्यांनी, हाताने घातली. कारण आर्ट सिल्कला सुईची भोकं राहतात. आधी एका चिंधीवर मशीनची टीप मारून उसवली, नखाने घासली, वाफ दिली, तरी ठिपक्यांची रांग दिसत होती. हातटाक्याची भोकं बऱ्यापैकी मिटली. उसवायची आहे ती शिलाई हाताची, कायमची आहे ती मशीनची, एवढा नियम पुढे सगळ्या पोशाखाला लावला.

आसनाची माया वर, नेफ्यात गेली. नेफ्यासाठी लागणाऱ्या कापडावर दोन इंच जास्त ठेवून ते आत दुमडलं. सगळीकडे इलॅस्टिक घातलं नाही. पंख्याचं वजन पुढे असतं आणि उड्या मारताना नुसत्या इलॅस्टिकचा पायजमा पुढून खाली येतो. म्हणून मागच्या अर्ध्या भागात इलॅस्टिक आणि पुढे नाडी. मोहरी अकरा इंच ठेवली, कारण टाच निघाली पाहिजे, आणि लांबी घुंगरांच्या पट्टीच्या वरच संपवली. अरैमंडीत गुडघे वाकले की मोहरी आणखी इंच-दीड इंच वर चढते. उभ्या मुलीकडे पाहून एखादी आजी "आखूड झालाय गं" म्हणतेच. तो आखूड नाही, तेवढाच हवा.

पंख्याचं काम सर्वांत मजेचं आणि सर्वांत किचकट. आधी लांबी. उभ्या मुलीवर पंखा घोट्यापर्यंत आला की भरदार दिसतो, पण ती अरैमंडीत गेली की कंबर सहा इंच खाली येते आणि पंखाही तितकाच. पाय तर तिथेच आपटत असतात. म्हणून पंख्याची लांबी अरैमंडीच्या मापावरून काढली. सत्तावीस इंचांतून जमिनीपासूनचं चार इंच अंतर वजा केलं, उरले तेवीस. उभी असताना तो पोटरीच्या मध्यावर येतो. बरोबर आहे. भाड्याच्या पोशाखांत लहान मुली नाचता नाचता हाताने पंखा उचलताना दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पंखा मोठ्या मुलीच्या मापाचा असतो.

रुंदीचं गणित वेगळं. पंखा उघडल्यावर चुण्या दिसल्या पाहिजेत, ताणून सपाट झाला तर शोभा गेली. मुळुमंडीत गुडघ्यांमध्ये अठ्ठावीस इंच होते. याच्या दीडपट, म्हणजे बेचाळीस, हे कमीत कमी. मी अठ्ठेचाळीस घेतले. दोन वर्षांनी हे अंतर बत्तीसवर गेलं तरी दीडपट भरते. म्हणजे रुंदीत वाढीसाठी वेगळं काही करावं लागत नाही, पहिल्यापासून मोकळा हात ठेवला की झालं. पंखा साडीच्या लांबीतून आडवा कापला, त्यामुळे खाली अखंड काठ आपोआप आला. उंची तेवीस अधिक तीन. हे जास्तीचे तीन इंच खाली ठेवून उपयोग नाही, कारण खाली काठ. ते वर, कमरेशी. शिलाई घातल्यावर ते नेफ्यामागे आत उलटवले, वरून कंबरपट्टा येतो. पुढच्या वर्षी वरची शिलाई उसवून अख्खा पंखा खाली उतरवायचा.

चुण्या एक-एक इंचाच्या, एकदा इकडे एकदा तिकडे, कागदी पंख्यासारख्या. अठ्ठेचाळीस इंचांत चोवीस बसल्या. प्रत्येक चुणी खडूने न आखता पुठ्ठ्याच्या पट्टीवर दुमडून इस्त्री केली. खडूची रेघ आर्ट सिल्कवरून सहज जात नाही. इस्त्रीखाली ओलसर सुती फडकं. सगळ्या चुण्या पडल्यावर वर, मधे आणि काठाजवळ अशा तीन ठिकाणी जाड दोऱ्याने कच्चे टाके घालून गठ्ठा रात्रभर वजनाखाली ठेवला. शेजारच्या काकूंचा पाटा कामी आला. घरात मिक्सर आल्यापासून तो बिचारा गॅलरीतच होता.

पंखा पायांना जोडायचा तो कुठपर्यंत, यावर ताईंशी बरंच बोलणं झालं. वर कमरेला तो तीन इंचांत गोळा करून शिवतात. दोन्ही उभ्या कडा मांडीच्या पुढच्या बाजूने खाली शिवत नेतात, म्हणजे गुडघे उघडले की पंखा उघडतो. मला वाटत होतं, जितका खाली जोडू तितका सुंदर उघडेल. ताईंनी भाचीला नाट्ट अडवू करायला लावला. त्यात एक पाय गुडघ्यात वाकलेला राहतो आणि दुसरा बाजूला सरळ लांब जाऊन टाच टेकते. दोन घोट्यांमधलं अंतर मी पंख्याच्या कडेने मोजून पाहिलं. कड घोट्यापर्यंत शिवली असती तर लांब गेलेल्या पायाने पंखा ओढला असता आणि वाकलेल्या पायाची मोहरी फरफटत आली असती. म्हणून जोड गुडघ्याखाली चार बोटांवर थांबवला, खालचा भाग मोकळा. थांबण्याच्या जागी छोटा सुती तुकडा आतून लावून पक्का केला, कारण प्रत्येक बैठकीला झटका तिथेच बसतो.

ही उभी कड काढघाल करता यावी म्हणून मांजरपाटाच्या पायजम्यावर टिचबटणं लावून पाहिली होती. पहिल्याच मुळुमंडीत टप टप टप करून सुटली. भाचीला ते इतकं आवडलं की तिने मुद्दाम चार वेळा करून दाखवलं. शेवटी हाताने उलटा टाका घातला, दुहेरी दोऱ्याने. उसवायला सोपा, तुटायला कठीण.

ब्लाउजची गोष्ट पायजम्याच्या उलटी आहे. पायजम्याला आसनात मोकळीक द्यावी लागते, ब्लाउजला मुंढ्यात ती देऊन चालत नाही. वाढतं अंग म्हणून मुंढा खोल कापण्याची आपली सवय आहे. पण मुंढा खोल गेला की बाहीचा सांधा काखेपासून खाली सरकतो, आणि हात खांद्याच्या रेषेत उचलला की बाही ब्लाउजलाच ओढते. या नाचात हात सतत खांद्याच्या उंचीवर बाजूला पसरलेले असतात. त्यामुळे मुंढा काखेला लागून, उंच ठेवला आणि बाहीचा वरचा गोल नेहमीपेक्षा उथळ, रुंद कापला. हात खाली असताना काखेजवळ थोड्या चुण्या दिसतात. त्या राहू दिल्या. त्याच चुण्यांतून हात वर जातो. परीक्षा सोपी आहे. ब्लाउजच्या खालच्या कडेवर बोट ठेवून मुलीला दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगायचं. कड बोटभरापेक्षा जास्त चढली तर मुंढा खोल आहे.

वाढीची माया बगलेतल्या शिलाईत. इथे शिवायचा क्रम महत्त्वाचा ठरला. बाही आधी सपाट असतानाच मुंढ्याला जोडली आणि मग ब्लाउजची बाजू आणि बाहीची खालची शिलाई एका सलग रेघेत मारली. पुढच्या वर्षी ही एकच रेघ उसवून बाहेर सरकवली की छाती आणि दंड दोन्ही वाढतात. बाही शेवटी गोल बसवली असती तर मुंढाही उसवावा लागला असता. प्रत्येक कडेला नेहमीच्या दाबापेक्षा एक इंच जास्त ठेवला. चार कडा मिळून चार इंच होतात, छातीला दोन वर्षांना पुरून उरतील. यापेक्षा जास्त ठेवलं तर काखेत गोळा होतो आणि मूल खाजवत बसतं. अस्तराचं सुती कापड आधी रात्रभर पाण्यात टाकून आटवून घेतलं, नाहीतर पहिल्याच घामाने अस्तर आटून वरचं कापड फुगलं असतं. मागच्या हुकांना आकड्यांच्या दोन रांगा दिल्या. खाली दोन इंच दुमड.

पदर आणि मागच्या घेराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घेर नाडीने बांधायचा, तो वाढत्या कमरेला पुरतोच. पदराच्या चुण्या खांद्यावर पक्क्या शिवल्या आणि कमरेकडचं टोक वीतभर जास्त ठेवून पट्ट्यात खोचायला मोकळं सोडलं. खांद्याला सेफ्टी पिनऐवजी दोन मोठे हूक. लहान मुलीच्या खांद्यावर पिन मला पटत नाही, उघडली तर तिला नाच थांबवता येत नाही. साडीचं जे उरलं, त्यातला काठासकट पाऊण मीटर तुकडा घडी करून ठेवून दिला.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात पूर्ण पोशाख घालून, घुंगरू बांधून अलारिपू करून घेतलं. अलारिपूत उभं राहणं, अरैमंडी आणि मुळुमंडी सगळंच येतं, त्यामुळे चाचणीला ते फार सोयीचं. ताई समोर बसून ताल देत होत्या, मी मागे बसून नेफ्याकडे पाहत होते. एकच दुरुस्ती निघाली. नाडीचा फास सुटून टोक पंख्याबाहेर लोंबत होतं. फासाऐवजी गाठ मारून टोकं आत खोचायची, हे वहिनीला दाखवून ठेवलं.

पोशाख धुवायचा नाही. घरी आल्यावर उलटा करून सावलीत वाळवायचा आणि पंख्याच्या चुण्या तशाच जुळवून कच्च्या टाक्यांनी बांधून ठेवायच्या. वहिनीने ते नेमाने केलं, म्हणून चुण्या टिकल्या.

पुढच्या गुरुपौर्णिमेला भाची सव्वादोन इंच वाढलेली होती. पायजम्याची आडवी चुणी पूर्ण सोडली नाही, दीड इंचच सोडली, बाकी पुन्हा हाताने घातली. आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा थोडं गडद होतं आणि जुन्या टाक्यांची पुसट रेघही राहिली. तिच्यावरून अर्ध्या इंची जरीची पट्टी फिरवली, ती काठाचाच भाग वाटते. अरैमंडीचं माप पुन्हा घेतलं, ते सव्वाअठ्ठावीस भरलं. पंखा सव्वा इंच खाली उतरवला आणि उभ्या कडांचा जोड तितकाच सरकवला. बगलेतली रेघ अर्धा-अर्धा इंच बाहेर गेली.

खांदा मात्र कुठल्याच मायेने वाढत नाही. तिथे कापड दडवायला जागाच नसते. यंदा तो जेमतेम बसला, पण हात वर नेताना मुंढा काखेत रुतायला लागला आहे. पुढच्या वर्षी ब्लाउज नवा शिवावा लागणार. ठेवलेल्या पाऊण मीटरमध्ये तो निघतो, मांडून पाहिलं आहे. बाह्यांना काठ पुरतो, पाठीला नाही.